‘सा रे ग’ म्हणजेच ‘डो रे मी’? उत्तर ‘हो’ आहे, पण एका अटीवर

हार्मोनियमच्या क्लासला जाणारं मूल शाळेत कीबोर्डही शिकत असेल, तर घरात हा प्रश्न कधी ना कधी येतोच: सा म्हणजे डो का? गुगल केलं की सरळ जोड्या मिळतात. सा-डो, रे-रे, ग-मी, म-फा, प-सोल, ध-ला, नी-टी. या जोड्या चुकीच्या नाहीत. पण ‘डो’ म्हणजे नेमकं काय, यावर पाश्चात्त्य संगीतातच दोन पद्धती आहेत आणि सगळा गोंधळ तिथे होतो.

डो सरकतो की जागेवर बसतो?

आपला सा सरकतो. कुणी काळी एकमध्ये गातं, कुणी काळी चारमध्ये. गायक जी पट्टी निवडेल तिथे सा, आणि बाकीचे स्वर त्याच्यापासूनच्या अंतरावर.

इंग्लंडमध्ये रुजलेली ‘मूव्हेबल डो’ पद्धत अगदी अशीच आहे. एकोणिसाव्या शतकात सारा ग्लोव्हर आणि जॉन कर्वेन यांनी ती शाळा-चर्चमधल्या सामान्य गायकांसाठी घडवली. फ्रान्स, इटली, स्पेनमध्ये मात्र ‘फिक्स्ड डो’ चालते. तिथे डो हे एका पट्टीचंच नाव आहे. आपण जिला पांढरी एक म्हणतो आणि इंग्रजीत जिला ‘सी’ म्हणतात, ती पट्टी म्हणजे डो. गाणं कुठूनही सुरू होवो, तिचं नाव बदलत नाही.

भूप वाजवून बघूया

भूप रागात पाचच स्वर आहेत: सा रे ग प ध. हार्मोनियमवर काळी तीनला सा धरा. आता हे पाचही स्वर फक्त काळ्या पट्ट्यांवर येतात. सा काळी तीन, रे काळी चार, ग काळी पाच, आणि वरच्या सप्तकात प काळी एक, ध काळी दोन.

मूव्हेबल डोवाला हे ‘डो रे मी सोल ला’ म्हणेल. म्हणजे आपल्या जोड्या जशाच्या तशा जुळल्या. पॅरिसमध्ये शिकलेला वादक मात्र याच पट्ट्या ‘फा सोल ला डो रे’ म्हणून वाचेल आणि त्या सगळ्या ‘शार्प’, म्हणजे अर्धा स्वर चढ्या आहेत, असं धरेल. त्याच्या तोंडून ‘फा’ ऐकून तुम्ही ‘म’ वाजवलात, तर भूपात नसलेला स्वर वाजेल.

समोरची पद्धत कोणती, हे ओळखायची एक खूण आहे. सातव्या स्वराला ‘टी’ म्हणत असतील तर बहुतेकदा मूव्हेबल, ‘सी’ म्हणत असतील तर बहुतेकदा फिक्स्ड. पक्की खात्री हवी असेल तर तेच गाणं दुसऱ्या पट्टीतून गायला सांगा. नावं बदलली तर फिक्स्ड, तीच राहिली तर मूव्हेबल.

कोमल स्वरांचं काय?

आपण गाताना कोमल गंधारालाही ‘ग’च म्हणतो. मूव्हेबल डोमध्ये मात्र उच्चारच बदलतो. कोमल रे होतो ‘रा’, कोमल ग ‘मे’, कोमल ध ‘ले’, कोमल नी ‘ते’ आणि तीव्र म ‘फी’.

त्यामुळे मालकंस, म्हणजे सा, म आणि कोमल ग, ध, नी, हा ‘डो मे फा ले ते’ असा लिहिता येतो. पण मूव्हेबल डोमध्येही एक उपप्रकार आहे. त्यात ‘मायनर’ सुरावट ‘ला’पासून मोजतात. हंगेरीच्या कोदाय पद्धतीने शिकवणारे असंच करतात. त्यांच्याकडे मालकंस ‘ला डो रे फा सोल’ होईल. इथे सा म्हणजे चक्क ला!

नाव जुळलं, तरी सूर जुळतो का?

अगदी तंतोतंत नाही. सा 240 हर्ट्झचा धरला, तर तानपुऱ्याशी मिळणारा शुद्ध गंधार 300 हर्ट्झवर येतो. कीबोर्डवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, त्यामुळे तिथला ‘मी’ साधारण 302.4 हर्ट्झवर, म्हणजे किंचित चढा असतो. तानपुरा लावून कीबोर्डचा तो स्वर लांबवला की आवाजात हलकी थरथर ऐकू येते, ती यामुळेच.

म्हणून जोड्यांचा तक्ता वापरताना आधी दोन गोष्टी विचारून घ्या: तुमचा डो सरकतो का, आणि मायनर सुरावट कुठून मोजता? ‘डो सरकतो, मायनरही डोपासूनच’ असं उत्तर आलं, तर सा म्हणजे डो म्हणायला हरकत नाही.