सात वर्षांनी द्यायचे पैसे

एका ट्रस्टला सात वर्षांनी सुमारे १६.०६ लाख रुपये द्यायचे आहेत. दर ७ टक्के असताना आज १० लाख पुरतात. सात वर्षांचाच रोखा घेतला, तर दरवर्षी मिळणारं व्याज पुढे कोणत्या दरानं गुंतेल, कोण जाणे! म्हणून ७ टक्क्यांचा नऊ वर्षांचा रोखा घ्यायचा. त्यातून पैसे परत येण्याचा भारित सरासरी काळ, म्हणजे ड्युरेशन, ६.९७ वर्षं आहे.

दर लगेच ८ टक्के झाले आणि तिथेच राहिले, तर सातव्या वर्षी रोखा विकताना सुमारे १८ हजारांचा तोटा होतो. पण पुन्हा गुंतवलेलं व्याज जवळपास १९ हजार जास्त देतं. दर उतरले तर याच्या उलट.

वर्षभरानं मात्र देणं सहा वर्षांवर येतं आणि ड्युरेशन ६.३९वर रेंगाळतं. तेव्हा थोडे रोखे विकून कमी मुदतीचे घ्यावेच लागतात.