प्रश्न गिळलेली उत्तरं

भिवंडीत यंत्रमागाच्या जाणकाराची मुलाखत घ्यायची तर पहिला अडसर आवाजाचा. साध्या मागावर धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा या टोकाकडून त्या टोकाला फेकला जातो, आणि प्रत्येक फेकीला लाकूड लाकडावर आपटतं. एका शेडमध्ये असे डझन-दोन डझन माग चालू असले की आवाज 90 डेसिबलच्या वर जातो. तिथले लोक एकमेकांशी बोलतात ते ओठ वाचून, हातवाऱ्यांनी किंवा थेट कानाशी तोंड नेऊन. मोबाइल टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग चालू करणाऱ्याच्या हाती घरी गेल्यावर फक्त खडखडाट लागतो.

याचं कारण साधं आहे. माइक बोलणाऱ्याच्या तोंडापासून एका फुटाऐवजी दोन फुटांवर गेला की त्याच्यापर्यंत पोचणारा बोलण्याचा आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो, मागांचा मात्र जवळपास तेवढाच राहतो, कारण तो चारी बाजूंनी येत असतो. म्हणून कॉलरला लावायचा छोटा माइक इथे महागड्या रेकॉर्डरपेक्षा कामाचा. पण खरी तोड म्हणजे मुलाखत दोनदा घेणं. एकदा शेडमध्ये, माग चालू असताना, डोळ्यांसाठी. एकदा बाहेर, चहाच्या टपरीवर किंवा बिसीत जेवणाची गर्दी ओसरल्यावर, कानांसाठी.

शेडमधल्या बोलण्यात आणखी एक खोच असते. माग दुरुस्त करणारा जॉबर बोटाने दाखवत बोलतो. ‘हे बघा, इथे असं झालं की समजायचं.’ रेकॉर्डरला डोळे नसतात, आणि चार दिवसांनी ऐकताना ‘इथे’ म्हणजे कुठे हे कुणालाच सांगता येत नाही. मुरलेला मुलाखतकार तिथल्या तिथे मोठ्याने विचारतो, ‘म्हणजे रीडच्या मागे?’ रीड म्हणजे ताण्याच्या तारा वेगळ्या ठेवणारी फणी. उत्तर येतं, ‘हां, रीडच्या मागे.’ ऐकताना हा प्रश्न बावळट वाटतो, पण पुढे लेखातलं अख्खं वाक्य त्याच्यावर उभं राहतं.

आता प्रत्यक्ष मजकुराकडे. पुढचा तुकडा नमुन्यासाठी रचलेला आहे, कुणा एका माणसाचा नाही. विषय मात्र भिवंडीतल्या कुठल्याही शेडमध्ये रोज निघणारा: ताणा का तुटतो. ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताला विणण्याआधी खळ देतात, त्याला साइजिंग म्हणतात. स्टार्चचा हा लेप सुताला घर्षण सोसायचं बळ देतो. मुलाखतकार विचारतो, ‘साइजिंग खराब आलं की ताणा जास्त तुटतो ना?’ आणि टेपवर हे उतरतं:

‘हां, तुटतो ना. म्हणजे तसं काय आहे, सगळे साइजिंगलाच शिव्या घालतात. पण ते बघा, कुठे तुटतो ते बघायला पाहिजे ना. रीडच्या मागे ते कापसासारखं जमा झालं, रोवा, तर मग साइजिंग कच्चं. एकच तार परत परत तुटते, तर त्यात साइजिंगवाला काय करणार? रीडचा दात गेला असेल. आणि ते मे महिन्यात, कॉटन असेल तर हां, सगळ्यांचंच तुटतं. पॉलिस्टरचं मला नका विचारू, ते मी जास्त चालवलं नाही.’

घाईत असलेला लेखक याचं असं करतो: ‘साइजिंग खराब असेल तर ताणा जास्त तुटतो. उन्हाळ्यात हे प्रमाण वाढतं.’ मराठी स्वच्छ आहे, आणि जॉबर यातलं काहीच म्हणालेला नाही. पहिलं वाक्य मुलाखतकाराचं आहे. जॉबरने नुसतं ‘हां, तुटतो ना’ म्हटलं, तेही आपल्याकडे समोरच्याचं मन राखायला म्हणतात तसं, आणि पुढच्याच श्वासात तो उलट बोलायला लागला. दुसऱ्या वाक्यातून ‘कॉटन असेल तर’ ही अट गळाली. कापसाचं सूत कोरड्या हवेत ओल गमावतं, त्याची ताकद उतरते, म्हणून तुटतं. पॉलिस्टर फारशी ओल धरतच नाही, त्यामुळे त्याची तऱ्हा वेगळी. एवढी एक अट गेली आणि जाणकाराच्या तोंडी चुकीची गोष्ट आली. भिवंडीतला कुणीही वाचक ती वाचून म्हणेल, या माणसाला माग कळत नाही.

नीट उतरवलेलं असं होईल: ‘ताणा तुटला की सगळे साइजिंगलाच शिव्या घालतात. पण तो कुठे तुटतो ते बघायला पाहिजे. रीडच्या मागे कापसासारखा रोवा जमा झाला, तर साइजिंग कच्चं. एकच तार परत परत तुटते, तर त्यात साइजिंगवाला काय करणार? रीडचा दात गेला असेल. कॉटन असेल तर मे महिन्यात सगळ्यांचंच तुटतं.’ यात ‘म्हणजे’, ‘ते बघा’, ‘काय आहे’ गेले, सुरुवातीला ‘ताणा तुटला की’ जोडलं, एका अर्धवट वाक्याला कर्ता मिळाला, बाकी शब्द जवळपास त्याचेच आणि मुद्द्यांचा क्रमही त्याचाच. सुरुवातीचं ‘हां, तुटतो ना’ गेलं, कारण ते ज्या प्रश्नाला होतं तो प्रश्न छापायचा नाही. पॉलिस्टरचा अनुभव कमी आहे, ही कबुली अवतरणात बसत नसेल तर लेखकाने स्वतःच्या वाक्यात सांगावी, पण सांगावीच. जाणकार कुठे थांबतो ते कळलं की तो जिथे बोलला तिथे विश्वास बसतो.

मुळात प्रश्नच चुकला होता. ‘ताणा तुटला की तुम्ही आधी काय बघता?’ असं विचारलं असतं तर ‘हां’ म्हणायला जागाच नव्हती.

प्रश्न उत्तरात गिळला जाणं ही गोष्ट आपल्या कोर्टांना चांगली ठाऊक आहे. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, कलम 276 मध्ये, सेशन कोर्टातली साक्ष सर्वसाधारणपणे कथनाच्या रूपात लिहावी, वाटल्यास प्रश्नोत्तराच्या रूपात घ्यावी, अशी तरतूद होती. म्हणून साक्षीच्या कागदावर प्रश्न दिसत नाहीत, साक्षीदार एकटाच बोलत सुटल्यासारखा वाटतो. ‘त्या दिवशी मी तिथे नव्हतो हे म्हणणे खरे नाही’ असलं वळण कुठलाही माणूस बोलताना घेत नाही. ती उलटतपासणी करणाऱ्या वकिलाची सूचना असते, साक्षीदाराने फक्त ‘नाही’ म्हटलेलं असतं. कोर्टात सगळ्यांना ही रीत माहीत असते, त्यामुळे कुणी फसत नाही. मासिकाच्या वाचकाला मात्र ते वाक्य त्या माणसाच्या पोटातून आलेलं वाटतं.

तरीही कथनरूप टाकाऊ नाही. भिवंडीच्या मागांची गोष्ट मुंबईच्या गिरण्यांपासून तोडता येत नाही. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि गिरण्यांचं कितीतरी विणकाम भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळलं. त्या गिरणगावाचा मौखिक इतिहास नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी मुलाखतींमधून उभा केला. त्यांचं इंग्रजी पुस्तक 2004 साली आलं, मराठीत ते ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’ म्हणून वाचकांना माहीत आहे. त्यात माणसं स्वतःच्या तोंडाने बोलतात, आणि प्रत्येकाचं बोलणं त्याच्या नावाखाली राहतं. त्याआधी, 1989 मध्ये, उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’मध्ये आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती अशाच जपल्या. अशा कामात एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी जात नाही, ही किमान शिस्त.

एकाच माणसाची वेगवेगळ्या दिवशीची वाक्यं एकत्र शिवली तर? या प्रश्नावर अमेरिकेत वर्षानुवर्षं खटला चालला, आणि त्याचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. फिर्यादी जेफ्री मेसन संस्कृतचा पंडित. एम. व्ही. पटवर्धन यांच्याबरोबर त्याने अभिनवगुप्ताच्या शांतरसविचारावर लिहिलेला ग्रंथ भांडारकर संस्थेने 1969 मध्ये छापला होता. पुढे तो मनोविश्लेषणाकडे वळला, फ्रॉइडच्या कागदपत्रांच्या संग्रहात त्याला मोठं पद मिळालं आणि ते गेलंही. पत्रकार जॅनेट माल्कमने त्याच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या आणि 1983 च्या डिसेंबरात ‘न्यू यॉर्कर’मध्ये त्याच्यावर लिहिलं. काही अवतरणं आपली नाहीतच, असं म्हणून मेसन कोर्टात गेला. चाळीस तासांहून जास्त टेप होती, पण वादातली काही वाक्यं तिच्यावर सापडेनात. वेगवेगळ्या वेळी झालेलं बोलणं एका रेस्टॉरंटातल्या एकाच जेवणाच्या प्रसंगात ओवलं आहे, हेही उघड झालं.

1991 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जी रेघ मारली ती मुलाखत लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाची आहे. शब्द बदलणं हाच गुन्हा नाही. बदलाने अर्थ ठळकपणे फिरला का, ते बघायचं. एका नावाबद्दल मेसन टेपवर ‘मला आवडलं’ अशा अर्थाचं बोलला होता, छापून आलं ते ‘ऐकायला बरं वाटलं’ अशा अर्थाचं. कोर्ट म्हणालं, फरक नगण्य. दुसऱ्या एका जागी मधली वाक्यं न सांगता गाळली होती, त्यामुळे शेवटचा उद्गार भलत्याच गोष्टीला चिकटला. ते प्रकरण ज्यूरीपुढे जाण्याजोगं ठरलं. 1994 मध्ये ज्यूरीने कौल माल्कमच्या बाजूने दिला. पण भिवंडीच्या नमुन्याला ही रेघ लावून बघा. ‘म्हणजे’ काढलं तर काही बिघडत नाही, ‘कॉटन असेल तर’ काढलं की अर्थ फिरतो.

आकड्यांचं तंत्र निराळं. मागावरचा माणूस ‘तीसचा’ म्हणतो तेव्हा तो सुताचा काउंट असतो, आणि काउंट जितका मोठा तितकं सूत बारीक. ‘बावन्न’ म्हणाला तर बहुधा एका इंचातल्या तारा. ज्याला हे ठाऊक नाही तो टेपवरून दोन्ही आकडे बरोबर उतरवतो आणि त्यांच्यापुढे एकके चुकीची लावतो. म्हणून कच्च्या उताऱ्यात प्रत्येक आकड्यासमोर टेपवरची वेळ लिहायची, 00:14:20 अशी, म्हणजे शंका आली की नेमकं तेवढंच पुन्हा ऐकता येतं. तासाभराच्या बोलण्याचे सात-आठ हजार शब्द होतात, लेखात त्यातले हजार-बाराशे राहतात. अशा खुणा नसतील तर एक आकडा तपासायला अख्खा तास ऐकावा लागतो, आणि मग तो कुणी तपासत नाही.

छापण्याआधी जाणकाराला काय दाखवायचं यावर संपादकांत दुमत आहे. सगळा लेख दाखवला की तो सावध होतो, ‘शिव्या घालतात’चं ‘दोष देतात’ करतो आणि बोलण्यातला जीव जातो. बेताचा मार्ग असा की तांत्रिक मजकूर तेवढा फोनवर वाचून दाखवायचा. आकडे, सुट्या भागांची नावं, कशामुळे काय होतं. भाषा त्याच्या हाती द्यायची नाही, वस्तुस्थिती द्यायची.

भिवंडीत मात्र त्या फोनवर दुसराच विषय निघू शकतो. जॉबर ज्या शेठच्या शेडमध्ये आहे, त्याचं सूत ज्या साइजिंगमधून येतं, त्याच साइजिंगला कच्चं म्हटल्याचं छापून आलं तर सोमवारी त्याला काम असेलच असं नाही. नाव छापायला त्याने पहिल्या दिवशी हो म्हटलेलं असतं, पण तेव्हा आपण काय बोलणार आहोत हे त्यालाही माहीत नसतं. म्हणून नावाची परवानगी शेवटी, वाक्यं वाचून दाखवल्यावर, पुन्हा मागायची. तो नको म्हणाला तर नाव जातं, शेडचा परिसर जातो, ‘पंचवीस वर्षं जॉबर’ यातली वर्षंही जातात, कारण गल्लीत तेवढ्यावरून माणूस ओळखतात. रीडमागच्या रोव्याचं वाक्य तसंच राहतं.