ग्रामसभा एक, निरोप तीन; तारीख-वेळ मात्र एकच हवी!

फलकावरची नोटीस, व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज आणि ई-मेल यांची भाषा वेगळी का असते? बेंबळीच्या उदाहरणातून समजून घ्या

धाराशिव : समजा, बेंबळीत सोमवार, २५ मे २०२६ रोजी सकाळी ९ वाजता ग्रामपंचायत कार्यालयात ग्रामसभा आहे. मुख्य विषय पाणीपुरवठ्याचा. ही एकच गोष्ट तीन ठिकाणी कळवायची आहे : गावच्या फलकावर, गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि ई-मेलने पंचायत समितीला. बहुतेक वेळा नोटिशीचा फोटो काढून तोच सगळीकडे पाठवला जातो. घोळ तिथूनच सुरू होतो.

गणपूर्तीचा प्रश्न

ग्रामसभेला गावातील एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० मतदार, यापैकी जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते. ती भरली नाही तर सभा तहकूब होते. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट नसते. म्हणजे निरोप नीट न पोहोचल्यास गावाचा निर्णय मोजक्या लोकांच्या हजेरीत होऊ शकतो.

फलकावरची नोटीस : पुरावा

नियमित ग्रामसभेची नोटीस ७ दिवस आधी द्यावी लागते. ग्रुपवरचा मेसेज हा या नोटिशीला पर्याय नाही. सभा रीतसर बोलावली होती का, असा वाद उद्या निघाला तर हाच कागद पाहिला जातो. म्हणून त्यावर जावक क्रमांक, प्रसिद्धीची तारीख, क्रमाने सर्व विषय, सही आणि शिक्का हवा. ‘आयोजित करण्यात येत आहे’ ही भाषा इथे शोभते, कारण बोलावणारी व्यक्ती नसून ग्रामपंचायत असते.

अडचण होते ती ‘करण्यात येत असून’, ‘होणार असल्याने’ असे जोडत एकच वाक्य दहा ओळी चालवल्यावर. उभ्या उभ्या वाचणाऱ्याला त्यात वेळ सापडत नाही. दिवस, वेळ आणि ठिकाण मोठ्या अक्षरांत स्वतंत्र ओळींवर द्यावे. सरकारी भाषा त्याखाली चालेल.

ग्रुपवरचा मेसेज : बोलावणे

मोबाइलवर आधी पहिली ओळच दिसते. ती ‘सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की’ यात गेली तर कामाची माहिती खालीच राहते. मेसेज असा हवा :

```
*ग्रामसभा : सोमवार, २५ मे, सकाळी ९*
ठिकाण : ग्रामपंचायत कार्यालय, बेंबळी
मुख्य विषय : गावचा पाणीपुरवठा
सगळे विषय फलकावर लावले आहेत.
घरातल्या मतदारांनाही सांगा, वेळेवर या.
```

दोन्ही बाजूंच्या `*` खुणांमुळे व्हॉट्सअ‍ॅपवर पहिली ओळ ठळक दिसते. इथे ‘उपस्थित राहावे’पेक्षा ‘या’ जवळचे वाटते. पण ‘उद्या ग्रामसभा’ असे कधीच लिहू नये. तो मेसेज दुसऱ्या दिवशी फॉरवर्ड झाला की ‘उद्या’चा अर्थच बदलतो. नोटिशीचा फोटो जोडायला हरकत नाही, पण मजकूर टाइप केलेला असावा. फोटोतली बारीक अक्षरे वाचवत नाहीत आणि नंतर शोधूनही सापडत नाहीत.

ई-मेल : ठरावीक व्यक्तीला ठरावीक विनंती

गटविकास अधिकाऱ्यांना सभा आहे एवढे कळवून भागत नाही. त्यांनी काय करावे, हे विषयाच्या ओळीतच यावे : ‘बेंबळी ग्रामसभा, २५ मे २०२६ : पाणीपुरवठा विषयासाठी प्रतिनिधी पाठविण्याबाबत’. मजकुरात ‘मा. महोदय’, ‘आपण’ आणि ‘ही विनंती’ हा आदर हवाच. मात्र ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असे मोघम लिहू नये. ‘योजनेच्या कागदपत्रांसह प्रतिनिधी पाठवावा व त्यांचे नाव २० मेपर्यंत कळवावे’ असे लिहिले की उत्तर देणे सोपे जाते. सही केलेली नोटीस पीडीएफ स्वरूपात सोबत जोडावी.

वेळ बदलली तर?

खरी परीक्षा इथे होते. सकाळी ९ ऐवजी १० ठरले, तर ग्रुपवर लगेच दुरुस्ती होते, पण फलकावर ९ आणि ई-मेलमध्येही ९ तसेच राहतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो. तोवर इतर ग्रुपवर फॉरवर्ड झालेल्या प्रती मात्र जुनीच वेळ दाखवतात.

म्हणून आधी सहीचे शुद्धिपत्रक काढून जुन्या नोटिशीशेजारी लावावे. मग ग्रुपवर नवा मेसेज टाकावा : ‘बदल : ग्रामसभा सोमवार, २५ मे रोजी ९ ऐवजी १० वाजता’. जुनी वेळही लिहिल्याने आधीचा मेसेज वाचलेल्याला नेमके काय बदलले ते कळते. ई-मेल पूर्वीच्याच ई-मेलला उत्तर म्हणून पाठवावा.

पाठवण्यापूर्वी तिन्ही मजकूर शेजारी ठेवून वार, तारीख, वेळ आणि ठिकाण या चारच गोष्टी बोट ठेवून जुळवाव्यात. नोटिशीतला ‘सोमवार’ आणि मेसेजमधला ‘रविवार’ तिथेच पकडता येतो.