चोवीस तासांचा नियम आणि उशिराचा क्लेम

बुलढाणा जिल्ह्यातून मोठ्या उपचारासाठी अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. त्या धावपळीत विमा कंपनीला कळवायचे राहून जाते. ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसीत मुदत स्पष्ट दिली आहे. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेसाठी भरतीच्या किमान 48 तास आधी कळवायचे. तातडीच्या भरतीत 24 तासांच्या आत किंवा डिस्चार्जपूर्वी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा.

मुदत चुकली म्हणजे क्लेम बुडाला, असे घरोघरी मानले जात होते. याला पहिला धक्का 20 सप्टेंबर 2011 च्या विमा नियामकाच्या परिपत्रकाने दिला. उशीर टाळता येण्याजोगा नव्हता, तर केवळ त्यावर बोट ठेवून खरा क्लेम नाकारू नका, असे कंपन्यांना बजावले गेले. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओम प्रकाश विरुद्ध रिलायन्स जनरल या खटल्यात तीच भूमिका घेतली. तिथे चोरीला गेलेल्या ट्रकची खबर कंपनीला आठ दिवसांनी मिळाली होती, कारण मालक पोलिसांबरोबर ट्रक शोधत फिरत होता. प्रकरण वाहनाचे असले, तरी परिपत्रकातली भूमिका त्यातून पक्की झाली.

तरीही उशिराची किंमत मोजावी लागतेच. समजा, चिखलीच्या एका गृहस्थांच्या छातीत शुक्रवारी रात्री दुखू लागले. गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढून संभाजीनगरला पाठवले आणि शनिवारी पहाटे तीनला ते भरती झाले. मुदत रविवारी पहाटे तीनला संपली. बुधवारी पैसे भरून डिस्चार्ज घेतला आणि गुरुवारी मुलाने कंपनीला फोन केला. कॅशलेसची संधी तिथेच गेली. आता उरते ती बिलांची भरपाई, आणि तीही चौकशीनंतर, कारण रुग्ण खाटेवर असताना पडताळणी करायची कंपनीची संधी हुकली आहे. अशा वेळी चिखलीचा ईसीजी आणि पुढे पाठवताना दिलेली तारीख-वेळेची चिठ्ठी हाच मोठा पुरावा. उशिराचे कारण सांगणारे पत्र त्यासोबत जोडावे. डिस्चार्जपासून 30 दिवसांत कागद द्यायची मुदत वेगळी असते. ती मात्र हातची घालवू नये.

गल्लत बहुतेकदा इथे होते: दवाखाना नेटवर्कमध्ये नाही, म्हणजे आधी कळवायची गरज नाही. जानेवारी 2024 मध्ये ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ आल्यापासून हा समज जास्तच महागात पडतो. या सोयीत नेटवर्कबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेस मागता येते. ठरलेल्या उपचारासाठी 48 तास आधी आणि तातडीत भरतीनंतर 48 तासांत कळवायचे असते. पण पॉलिसीत 24 तास लिहिले असतील, तर तेच धरून चालावे. पहिल्या फोनला बिले लागत नाहीत. पॉलिसी क्रमांक, रुग्णाचे नाव, रुग्णालय आणि आजार एवढे पुरते. मिळालेला इंटिमेशन क्रमांक लिहून ठेवावा.

मे 2024 च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही आणि नकारात पॉलिसीचे नेमके कलम द्यावे लागते. नकारपत्रात फक्त ‘उशिरा कळवले’ एवढेच असेल, तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी हरकत घ्यावी. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते.