दोनशे सत्तर रुपयांचा फरक

गेल्या बैठकीत आमच्या बचत गटाचा हिशेब २७० रुपयांवर अडला. बँकेच्या खाते उताऱ्यावरून जूनच्या नोंदी आम्ही वहीत उतरवल्या होत्या. सुरुवातीची शिल्लक १२,४०० रुपये. त्यात वहीतली एकूण जमा ६,०८० मिळवली, काढलेले ७,००० वजा केले, तर ११,४८० आले. पण उताऱ्यावरून उतरवलेली शेवटची शिल्लक होती ११,७५०. "कुणाचा तरी भरणा लिहायचा राहिला," अशी कुजबुज सुरू झाली आणि खजिनदार ताईंचा चेहरा उतरला.

मग आम्ही एकेक ओळ तपासायला बसलो. यात बेरजेपेक्षा शिल्लकेचा रकाना जास्त कामाचा. वरच्या ओळीतली शिल्लक आणि खालच्या ओळीतली शिल्लक यांतला फरक, त्या खालच्या ओळीतल्या रकमेइतकाच असला पाहिजे.

पहिली ओळ: जमा ३,०००, शिल्लक १५,४००. बरोबर. दुसरी: काढले ५,०००, शिल्लक १०,४००. बरोबर. तिसरी: जमा १,५८०, शिल्लक १२,२५०. इथे थांबलो. १०,४०० वरून १२,२५० म्हणजे शिल्लक १,८५० ने वाढली, आणि आम्ही लिहिले १,५८०! पुढच्या ओळीत २,००० काढले, शिल्लक १०,२५०. शेवटी १,५०० जमा, शिल्लक ११,७५०. या दोन्ही बरोबर. म्हणजे चूक फक्त तिसऱ्या ओळीत. मूळ उतारा काढून पाहिला, तर त्यावर १,८५० च होते. उतरवताना आठ आणि पाच यांची अदलाबदल झाली होती.

शेजारचे दोन आकडे असे उलटले, की फरकाला नेहमी नऊने पूर्ण भाग जातो. २७० ला नऊने भागले की ३०. पण ही फक्त खूण आहे. नऊने भाग जाणारा फरक दुसऱ्या चुकीनेही पडू शकतो, म्हणून मूळ कागद पाहावाच.

आणखी एक लक्षात ठेवा. रक्कम चुकली, तर एकच ओळ जुळत नाही. मधलीच एखादी शिल्लक चुकीची उतरवली, तर ती ओळ आणि तिच्या खालची, अशा दोन ओळी जुळत नाहीत. एकीत जितके जास्त, तितकेच दुसरीत कमी. अशा वेळी एकूण हिशेब मात्र जुळतो, त्यामुळे नुसती बेरीज जुळली म्हणून वही मिटू नका.

आम्ही १,५८० खोडरबराने पुसले नाही. त्यावर एक आडवी रेघ मारली, वर १,८५० लिहिले आणि तारखेसह दोघींनी सह्या केल्या. एकही रुपया हरवला नव्हता, हे सगळ्यांनी वहीतच पाहिले. ताईंनी मग चहा ठेवला.