पट्टा नाही, पण तेल आहे

‘ई-सीव्हीटी’ या नावामुळे अनेकजण फसतात. साध्या सीव्हीटीत दोन पुलींवर पोलादी पट्टा फिरतो. टोयोटा प्रियसच्या ई-सीव्हीटीत मात्र पट्टा नसतोच. प्लॅनेटरी गिअर आणि दोन विद्युत मोटर मिळून इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेतात. म्हणून पट्ट्याच्या सीव्हीटीसाठीचं ‘एफई’ तेल इथे चालत नाही. 2003 ते 2009 च्या पिढीला ‘एटीएफ डब्ल्यूएस’ हे पातळ तेल लागतं, सुमारे 3.8 लिटर. ते गिअरना वंगण देतं आणि मोटरची उष्णताही वाहून नेतं.

क्लचच्या चकत्या नसल्याने हे तेल हळू खराब होतं. तरी गिअर झिजतात, लोखंडाचा बारीक चुरा तेलात उतरतो. त्यामुळे अनेक जाणकार मेकॅनिक लाखभर किलोमीटरला ते बदलतात. नवं तेल लाल असतं, जुनं काळपट दिसतं.

या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. गाडी समतल उभी करून आधी भरायचा बोल्ट सैल करावा, मगच खालचा. वरचा नंतर अडकला, तर रिकामा गिअरबॉक्स भरणार कसा? तेल भोकाच्या खालच्या कडेला टेकलं, की पुरे.