रात्रीचं दुखणं, सकाळचा रनअप

रात्री अकराच्या सुमारास आठ वर्षांचा मुलगा रडत उठतो. दोन्ही पोटऱ्या आणि नडग्या ठणकत असतात. आई तेल लावून पाय चोळते, अर्ध्या तासात तो झोपी जातो आणि सकाळी सातला बॅट घेऊन मैदानावर हजर! आठवड्यातून दोन-तीनदा, तेही महिनाभर असं चालल्यावर घरात प्रश्न पडला, की क्रिकेट बंद करायचं का?

डॉक्टरांनी आधी एक्स-रे काढला नाही, प्रश्न विचारले. ‘कुठे दुखतं, बोट ठेवून दाखव.’ मुलाने बोट ठेवलं नाही, दोन्ही नडग्यांवरून तळवा फिरवला. ही खूण मोलाची आहे. हाडाला इजा असेल तर मूल बहुधा एकाच जागी बोट ठेवतं.

मग गोलंदाजीचा विषय निघाला. मुलगा उजव्या हाताने चेंडू टाकतो, म्हणजे चेंडू सोडताना शरीराचा भार डाव्या पायावर आदळतो. गोलंदाजीने इजा झाली असती, तर डावा पाय जास्त दुखला असता आणि तोही खेळताना. इथे दोन्ही पाय सारखेच दुखत होते आणि धावताना काहीच त्रास नव्हता. तो लंगडत नव्हता, सांध्यांना सूज नव्हती, ताप नव्हता, वजनही घटलेलं नव्हतं. चोळताना मूल पाय मागे घेत नाही, उलट त्याला बरं वाटतं, हेही आईने सांगितलं. तपासणीतही काही सापडलं नाही. निदान झालं: वाढीच्या वयातलं साधं दुखणं.

हे नाव मात्र थोडं फसवं आहे. १८२३ साली मार्सेल द्युशां या फ्रेंच डॉक्टरांनी या दुखण्याची नोंद केली, तेव्हापासून त्याचा संबंध वाढीशी जोडला जातो. प्रत्यक्षात ते साधारण तीन ते बारा या वयात दिसतं. उंची झपाट्याने वाढते ती बहुतेक मुलांची त्यानंतर. नेमकं कारण अजून ठरलेलं नाही. दिवसभराच्या धावपळीने पायांवर येणारा ताण हा एक अंदाज. ज्या दिवशी खेळ जास्त, त्या रात्री दुखणं जास्त, हे या आईच्याही लक्षात आलं होतं.

उपाय साधे निघाले: चोळणं, कोमट शेक, झोपण्याआधी पोटऱ्यांना हलका ताण देणं. फारच दुखलं तर डॉक्टरांनी वजनानुसार ठरवून दिलेलं पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. क्रिकेट चालू राहिलं.

पण दुखणं कायम एकाच पायात असेल, सकाळीही टिकत असेल, मूल लंगडत असेल, सांधा सुजला असेल, ताप येत असेल, वजन घटत असेल किंवा अंगावर कारणाशिवाय काळेनिळे डाग उठत असतील, तर ‘वाढतंय पोर’ म्हणून घरी थांबू नका. त्यामागे सांध्यांचा जंतुसंसर्ग किंवा क्वचित रक्ताचा कर्करोगही असू शकतो. अशा वेळी लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा.